गड्ड्यातली पोरं आणि मार्गशीर्षातली पोरं: फुटबॉलच्या निवड चाचणीत जन्ममहिना कसा मोजावा

आमच्या 12 वर्षांखालच्या बॅचमध्ये एक मुलगा होता, जन्म 19 डिसेंबरचा. आई विड्या वळायची. चेंडू त्याच्या पायाला चिकटायचा, मान वर करून खेळायचा, पण अंगाने बारका. चाचणीच्या दिवशी त्याने दोनदा सुंदर वळून बचावपटूला मागे टाकलं आणि दोन्ही वेळा खांद्याचा धक्का लागून तो मुरमावर पडला. मी वहीत लिहिलं, "ताकद कमी". नाव यादीत आलं नाही. संध्याकाळी आई मैदानावर आली. "सर, खाऊपिऊ घालते की मी त्याला, पण कधी मोठं होईल तेवढं सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी जाऊन मी निवडलेल्या मुलांच्या जन्मतारखा पहिल्यांदा एका रांगेत लिहून काढल्या. जवळजवळ सगळी पोरं आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या जत्रेच्या आसपासची, जानेवारी ते मार्चमधली निघाली.

याला सापेक्ष वय परिणाम म्हणतात. वयोगटाची तारीख 1 जानेवारी असली की 3 जानेवारीला जन्मलेला आणि 28 डिसेंबरला जन्मलेला मुलगा एकाच गटात खेळतात. अकराव्या वर्षी हा फरक जवळजवळ एका पूर्ण वर्षाचा, म्हणजे आयुष्याच्या अकराव्या हिश्शाइतका असतो. या वयात मुलगा वर्षाला साधारण 5 सेंटिमीटर वाढतो. म्हणून जानेवारीचा मुलगा सरासरीने तेवढा उंच असतो, वजनाने जास्त असतो आणि त्याच्या पायाखाली खेळाचं एक जादा वर्ष असतं. निवड करणाऱ्याला ते "गुण" दिसतं. एकदा निवडला की त्याला जास्त सामने मिळतात, बरोबरीची चांगली पोरं मिळतात, सर त्याच्याकडे जास्त बघतात. दोन वर्षांनी तो खरोखरच चांगला झालेला असतो. डिसेंबरचा मुलगा तोवर मैदान सोडून गेलेला असतो.

"थंडीतली पोरं मुळातच दणकट असतात," असं मी पालकांकडून पुष्कळदा ऐकलं आहे. ते खरं नाही, आणि त्याचा पुरावा बेल्जियममध्ये आहे. तिथे वयोगटाची तारीख आधी 1 ऑगस्ट होती, 1997 पासून ती 1 जानेवारी झाली. वेर्नर हेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं की तारीख बदलताच निवडलेल्या पोरांचे महिनेही सरकले. आधी ऑगस्टनंतरची मुलं जास्त होती, पुढे जानेवारी ते मार्चची जास्त झाली. मुलं तीच, हवा तीच, बदलली ती फक्त रेघ. इंग्लंडमध्ये रेघ 1 सप्टेंबरची आहे, त्यामुळे तिथे उशिरा जन्मलेली पोरं म्हणजे जून, जुलै, ऑगस्टची. हॅरी केनचा जन्म 28 जुलै 1993 चा. लहानपणी आर्सेनलने त्याला सोडून दिलं होतं.

आता काम. खाली लिहिलेलं सगळं शाळेच्या पीटी सरांना किंवा छोट्या क्लबच्या प्रशिक्षकाला एक वही, मोजपट्टी आणि दोन रविवार यांत जमण्यासारखं आहे. आधी आपल्या चाचणीत हा दोष किती आहे ते मोजायचं, मग पुढची चाचणी वेगळ्या पद्धतीने घ्यायची.

पहिली पायरी: रेघ कुठे आहे ते बघा, आणि तारखा खऱ्या आहेत का ते बघा

स्पर्धेचं परिपत्रक काढून वयाची ओळ शब्दशः वाचा. आपल्याकडे शालेय आणि फेडरेशनच्या स्पर्धांत ती बहुतेक "1 जानेवारी अमुक साली किंवा त्यानंतर जन्मलेला" अशी असते. तीच तारीख वर्षाची सुरुवात धरून चार तिमाह्या पाडा: जानेवारी ते मार्च पहिली, ऑक्टोबर ते डिसेंबर चौथी.

शालेय 14 वर्षांखालील गटात एक गोष्ट वेगळी आहे. त्यात दोन किंवा त्याहून जास्त जन्मवर्षांची पोरं एकत्र असतात. तिथे आधी जन्मवर्षाप्रमाणे वेगळं करा, मगच तिमाही बघा. नाहीतर धाकट्या वर्षातला जानेवारीचा मुलगा तुम्हाला "मोठा" वाटेल, आणि प्रत्यक्षात तो थोरल्या वर्षातल्या डिसेंबरच्या मुलापेक्षाही लहान असेल.

तारखा घेताना जनरल रजिस्टरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. महाराष्ट्रात 1 जून ही तारीख किती जणांच्या दाखल्यावर आहे ते आपल्याला ठाऊक आहे. जन्माची नोंद नव्हती, गुरुजींनी शाळा सुरू व्हायच्या आसपासची तारीख टाकली. आता जन्मदाखला मागतात म्हणून हे कमी झालंय, पण संपलेलं नाही. तुमच्या यादीत एकाच तारखेवर, किंवा 1 जानेवारीच्या लगेच पुढच्या दिवसांवर, मुलं गोळा झालेली दिसली तर थांबा. ती सापेक्ष वयाची खूण नसून चुकीच्या किंवा बदललेल्या तारखांची असू शकते. महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला बघा, आणि त्यावर जन्मतारखेशेजारची नोंदणीची तारीखही बघा. जन्मानंतर दहा वर्षांनी केलेली नोंद असेल तर त्या मुलाला मोजणीतून बाजूला ठेवा. गुन्हेगार ठरवू नका. अशी नोंद पुष्कळदा आईबापांच्या स्थलांतरामुळे होते.

दुसरी पायरी: तीन आकडे मोजा, एक नव्हे

बहुतेक जण फक्त निवडलेल्या मुलांच्या तारखा मोजतात. त्याने अर्धंच कळतं. तीन याद्या लागतात: शाळेच्या पटावर त्या जन्मवर्षाची किती मुलं आहेत, त्यातली चाचणीला किती आली, आणि त्यातली निवडली किती.

पट कशासाठी? कारण जन्म बाराही महिन्यांत सारखे होत नाहीत. "प्रत्येक तिमाहीत 25 टक्के" हे धरून चाललं की हिशोब चुकतो. तुमच्या शाळेचा पट हीच तुमची खरी तुलना.

समजा, पटावर त्या वर्षीचे 240 मुलगे आहेत. त्यातले 118 जुलै ते डिसेंबरमधले, म्हणजे जवळपास अर्धे. चाचणीला 60 आले: पहिल्या तिमाहीचे 22, दुसरीचे 16, तिसरीचे 13, चौथीचे 9. निवडले 18: अनुक्रमे 10, 5, 2 आणि 1.

आता वाचा. पटावर दुसऱ्या सहामाहीची मुलं 49 टक्के होती, मैदानावर आली तेव्हा 60 पैकी 22, म्हणजे 37 टक्के झाली. सरांनी शिट्टी वाजवण्याआधीच ती गळाली होती. गल्लीतल्या खेळात शेवटी घेतली जाणारी, "मला काय घेणार" म्हणून घरी थांबलेली ही पोरं. पुढे निवडीत पहिल्या तिमाहीतल्या 22 मधले 10 आले, म्हणजे दर दोघांत जवळजवळ एक. चौथ्या तिमाहीतल्या नवांत एकच. दुसऱ्या सहामाहीतून 22 पैकी फक्त 3.

या दोन गळत्यांचे उपाय वेगळे आहेत, म्हणून त्या वेगळ्या मोजायच्या. पहिली गळती मोठी असेल तर चाचणी कितीही न्याय्य घेतली तरी उपयोग नाही. वर्गात जाऊन जुलै ते डिसेंबरच्या मुलांना नाव घेऊन बोलवावं लागतं. मी हे केलं आहे. पोरं चकित होतात, पण येतात.

तिसरी पायरी: हा नुसता योगायोग आहे का, ते चिठ्ठ्यांनी तपासा

छोट्या आकड्यांत योगायोगही मोठा दिसतो. सूत्रं नकोत, चिठ्ठ्या घ्या. 60 चिठ्ठ्या करा, त्यातल्या 22 वर खूण करा. एका डब्यात घालून हलवा आणि न बघता 18 काढा. खुणेच्या किती आल्या ते लिहा. चिठ्ठ्या परत टाका, पुन्हा काढा. दोन मुलं बसवली तर अर्ध्या तासात 50 वेळा होतं.

खुणेच्या चिठ्ठ्या बहुतेक वेळा 6 ते 7 च्या आसपास येतील. 3 किंवा त्याहून कमी साधारण 25 वेळांत एकदा येतील. म्हणजे वरच्या उदाहरणातली निवड योगायोगाने झाली असण्याची शक्यता आहे, पण ती कमी आहे. हेच चित्र सलग तीन वर्षांच्या याद्या एकत्र केल्यावर टिकलं, तर मग योगायोग म्हणायला जागा उरत नाही. आणि टिकलं नाही तर तसंही मान्य करावं. 18 मुलांच्या एका यादीवरून कुणा निवडकर्त्यावर ठपका ठेवू नये.

मुलींच्या गटात हीच मोजणी करा, पण तोच निकाल गृहीत धरू नका. मुलींच्या फुटबॉलमध्ये हा परिणाम अभ्यासांत सहसा कमी आढळतो आणि सगळीकडे सारखा दिसत नाही.

चौथी पायरी: जन्मतारीख आणि शरीराची वाढ यांची गल्लत करू नका

इथे जाणते प्रशिक्षकही चुकतात. जन्मतारखेने पडणारा फरक जास्तीत जास्त एका वर्षाचा. शरीराच्या वाढीतला फरक बारा-तेराव्या वर्षी त्याच्या कितीतरी पट असू शकतो. एकाच महिन्यात जन्मलेल्या दोन मुलांपैकी एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसरा अजून बालवाडीतला वाटतो. मुलांची उंची सर्वांत झपाट्याने सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास वाढते, मुलींची साधारण दोन वर्षं आधी. पण काहींचं हे खूप लवकर होतं, काहींचं उशिरा.

म्हणून डिसेंबरचा एखादा मुलगा निवडला गेला तर "आमच्याकडे पक्षपात नाही" म्हणून खूश होऊ नका. निवडलेली उशिराची मुलं पुष्कळदा शरीराने लवकर वाढलेली असतात. डिसेंबरचा आणि वाढीनेही मागे असलेला मुलगा दोन्हीकडून मार खातो. आमचा 19 डिसेंबरवाला तसाच होता.

घरच्या घरी ढोबळ अंदाज असा काढता येतो. आईवडिलांची उंची घ्या, विचारून नव्हे, मोजून. वडील स्वतःची उंची नेहमी जास्त सांगतात. मुलासाठी दोघांची बेरीज करून त्यात 13 मिळवा आणि दोनाने भागा. मुलीसाठी 13 वजा करा. येते ती मोठेपणीची अपेक्षित उंची, सेंटिमीटरमध्ये.

एक मुलगा 150 सेंटिमीटरचा. वडील 165, आई 152. अपेक्षित उंची 165. तो आज त्याच्या 91 टक्क्यांवर आहे. सर्वसाधारण मुलगा तिथे तेरा-चौदाव्या वर्षी पोचतो. दुसरा 138 सेंटिमीटरचा. वडील 174, आई 159. अपेक्षित उंची 173. तो जेमतेम 80 टक्क्यांवर. मैदानावर पहिला 12 सेंटिमीटर उंच दिसतो, पण त्याची बरीच वाढ झालेली आहे. दुसऱ्याची अजून 35 सेंटिमीटर उरली आहे.

या सूत्राची मर्यादाही सांगतो. प्रत्यक्ष उंची अंदाजापेक्षा 8 ते 9 सेंटिमीटर इकडेतिकडे जाऊ शकते. वरच्या उदाहरणात चूक उलट्या दिशांनी झाली असं धरा: पहिला 173 चा होणार असेल तर तो 87 टक्क्यांवर, दुसरा 165 चाच होणार असेल तर 84 टक्क्यांवर. क्रम तरीही तोच राहिला, म्हणून इथे अंदाज वापरता येतो. क्रम उलटत असेल तर तो निष्कर्ष सोडून द्या. परदेशात क्लब वापरतात ती खामिस-रोश पद्धत यापेक्षा बारकाईची आहे. तिच्यात वय आणि वजनही धरतात. पण ती अमेरिकेतल्या मुलांच्या मोजमापांवर बेतलेली आहे, आपल्या पोरांना जशीच्या तशी लावताना सावध राहावं.

हाडांच्या एक्स-रेबद्दल पालक विचारतात. मनगटाच्या एक्स-रेवरून हाड किती पक्व झालं ते कळतं, जन्मतारीख कळत नाही. लवकर वाढणारा प्रामाणिक मुलगा त्यात "मोठा" ठरू शकतो. निवडीसाठी तो काढू नये.

पाचवी पायरी: पुढची चाचणी अशी घ्या

आपल्या बहुतेक चाचण्या कशा होतात? पूर्ण मैदान, 11 विरुद्ध 11, कडक मुरूम, चेंडू टणटण उडतोय. अशा मैदानावर लांब लाथ मारणारा आणि धावून तिथे पोचणारा जिंकतो. म्हणजेच मोठा मुलगा जिंकतो. छोट्या मुलाच्या पायाला चेंडू लागतच नाही, मग त्याचं काय बघणार?

12 वर्षांखालच्यांसाठी साधारण 35 मीटर लांब आणि 25 मीटर रुंद चौकट आखा. 5 विरुद्ध 5, चार नंबरचा चेंडू, 8 मिनिटांचा एक डाव. प्रत्येक मुलगा किमान चार डाव खेळेल असं बसवा. एप्रिल-मेमध्ये घेत असाल तर सकाळी साडेसहाला सुरू करून साडेआठच्या आत संपवा. सोलापूरच्या उन्हात नऊनंतर तुम्ही खेळ तपासत नसता, अंगातली ताकद तपासत असता.

चारपैकी दोन डाव जवळच्या जन्मतारखांच्या मुलांमध्ये लावा: पहिल्या तिमाहीचे आपसांत, चौथीचे आपसांत. उरलेले दोन मिसळून. एरवी धक्के खाणारा मुलगा बरोबरीच्यांत गेल्यावर एकदम मोकळा खेळतो, आणि उलटही होतं: दणक्यावर निभावणाऱ्याकडे दुसरं काही नाही हेही तिथेच उघडं पडतं.

आता सर्वांत उपयोगी गोष्ट. नेदरलँड्समध्ये मान आणि व्हान गिनेकेन यांनी एक प्रयोग केला, तो 2017 साली प्रसिद्ध झाला. व्यावसायिक क्लबच्या निवडकर्त्यांना त्यांनी तीन प्रकारे सामने दाखवले: वयाची काहीच माहिती न देता, जन्मतारखांची यादी हातात देऊन, आणि मुलांच्या शर्टांवर वयाच्या क्रमाने आकडे घालून. यादी हातात असूनही पक्षपात गेला नाही. शर्टांवरच्या आकड्यांनी गेला. मला यातलं कारण पटतं: खेळ चालू असताना कुणी कागद बघत नाही, डोळ्यासमोर जे पळतंय तेच बघतो.

आपण हे असं करायचं. नवी पेठेतून पांढरे स्वस्त बनियन आणा, मार्करने पाठीवर आणि छातीवर मोठे आकडे काढा. प्रत्येक चौकटीतल्या दहा मुलांना जन्मतारखेच्या क्रमाने लावा. सर्वांत मोठा 1, सर्वांत लहान 10. निवडकर्त्यांना खेळ सुरू व्हायच्या आधी एकच वाक्य सांगा: "आकडा जितका मोठा, तितका मुलगा लहान." वेगवेगळ्या चौकटींचे आकडे मिसळू नयेत म्हणून चौकटीचं अक्षरही काढा: अ 1, ब 1. बनियन नसतील तर तिमाहीप्रमाणे चार रंगांचे बिब चालवा. पण प्रयोग आकड्यांवर झालेला आहे, रंगांवर नाही, हे लक्षात ठेवा.

मुलांना मात्र आकड्यांचा अर्थ सांगत बसू नका. "10 नंबर म्हणजे बारका" अशी चेष्टा सुरू व्हायला वेळ लागत नाही.

या पद्धतीने जन्मतारखेचा दोष कमी होतो, शरीराच्या वाढीचा नाही. त्यासाठी निवडकर्त्यांच्या तक्त्यात "ताकद" आणि "वेग" हे रकाने पहिल्या दिवशी ठेवूच नका. त्याऐवजी चार गोष्टींवर खुणा करायला सांगा: चेंडू येण्याआधी आजूबाजूला बघतो का, पहिला स्पर्श मोकळ्या जागेकडे जातो का, दबावाखाली पास कुठे देतो, आणि चेंडू गमावल्यावर पुढच्या पाच सेकंदांत काय करतो. धावण्याची शर्यत घ्यायचीच असेल तर निवड झाल्यावर घ्या. दोन निवडकर्त्यांनी एकमेकांना न दाखवता लिहावं. एका मुलावर दोघांचं मत अगदी टोकाचं वेगळं पडलं तर त्याला आणखी एक डाव द्या.

सहावी पायरी: एक यादी नव्हे, दोन याद्या

जिल्ह्यावरून पुणे विभागात जायचं असेल तर प्रशिक्षकाला यंदा जिंकणारा संघ लागतो, हे मी नाकारत नाही. मोठी पोरं त्या दिवशी खरोखर जास्त उपयोगी असतात. म्हणून स्पर्धेची यादी वेगळी ठेवा आणि सरावाची वेगळी. स्पर्धेला 18 जातील, पण सकाळच्या सरावाला 30 ठेवा. वाढलेल्या 12 जागांत दुसऱ्या सहामाहीची आणि वाढीने मागे असलेली, पण चार खुणांत चांगली ठरलेली मुलं घ्या. त्यांना तीच शिकवणूक, तेच चेंडू, तेवढेच मैत्रीपूर्ण सामने मिळाले पाहिजेत. नुसते चेंडू आणायला ठेवलं तर दुसऱ्या यादीचा काही अर्थ नाही.

नुसत्या तिमाहीच्या कोट्याच्या मी विरोधात आहे. "चौथ्या तिमाहीचे पाच घेतलेच पाहिजेत" म्हटलं की त्या तिमाहीतली सर्वांत दणकट पाच उचलली जातात, आणि मागे राहिलेला पुन्हा मागेच राहतो.

पालकांशी बोलताना शब्द जपा. "तुमचा मुलगा कमी पडला" असं म्हणू नका. "तो या गटात सर्वांत लहान आहे आणि त्याची वाढ अजून व्हायची आहे, सरावाला पाठवत राहा, दिवाळीनंतर पुन्हा बघू" असं सांगा, आणि दिवाळीनंतर खरंच बघा.

ते बघण्यासाठी प्रत्येक मुलाची उंची दर तीन महिन्यांनी मोजून लिहा. सकाळी, अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून, डोक्यावर वही सरळ धरून, शक्यतो एकाच माणसाने. तीन महिन्यांत 2 सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढ दिसली की त्याची झपाट्याची वाढ सुरू झाली असं समजा. एका मोजणीवर जाऊ नका, पुढच्यात पक्कं करा. त्या काळात पाय लांब होतात, जुना ताबा काही महिने बिघडतो, गुडघ्याखाली दुखतं. नेमक्या त्या महिन्यांत मुलाला नाकारलं तर पुन्हा तीच चूक. दुखत असेल तर उड्या आणि लाथांचा सराव कमी करा आणि डॉक्टरांना दाखवा.

19 डिसेंबरच्या मुलाच्या आईकडे मी पुढच्या आठवड्यात गेलो. त्याला सरावाच्या यादीत घेतलं. पहिल्या मोजणीत तो 136 होता. वर्षभर तिमाहीला एखादाच सेंटिमीटर वाढला. मग एका दिवाळीनंतरच्या मोजणीत वही डोक्यावर ठेवली तेव्हा भिंतीवरची मागची पेन्सिलखूण वहीच्या चांगलीच खाली राहिली. मी दोनदा मोजलं. तीन महिन्यांत अडीच सेंटिमीटर. त्याला पुढे सरकवलं, त्याच्या मागे रांगेत नोव्हेंबरचा एक मुलगा टाचा उचलून उभा होता. मी त्याला टाचा टेकवायला सांगितल्या आणि आकडा लिहिला.